उलट्या भाराचं गणित: सुरुवातीला एवढंच बघा

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये स्प्रिंगबॅकचं सिम्युलेशन नव्याने करणारे बहुतेक जण एकाच ताण चाचणीवर मॉडेल उभं करतात. गडबड तिथेच होते.

समजा, पत्र्याचा यील्ड 300 MPa आहे. तो ताणून 400 MPa पर्यंत नेला आणि मग उलट दाबला. आयसोट्रॉपिक हार्डनिंग म्हणतं, यील्ड आता −400 ला. निव्वळ कायनेमॅटिक म्हणतं, यील्ड पृष्ठभाग फुगत नाही, 100 ने नुसता सरकतो; म्हणजे 400 − 2×300 = −200. खरा पत्रा साधारण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि ठळक कोपरा न दाखवता गोलाईने यील्ड होतो. हाच बाउशिंगर परिणाम. ड्रॉ बीडवरून सरकताना पत्रा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, म्हणून भिंतीचा कर्ल नेमका इथे चुकतो.

मेख अशी की, एकदिश चाचणीच्या वक्रावर दोन्ही मॉडेलं तंतोतंत बसतात! वक्र जुळला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यासाठी:

- ताण-दाब चाचणी करून घ्या. दाबताना पातळ पत्रा बकल होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या लावा. त्यांचं घर्षण बलातून वजा करा.
- चाचणीतला स्ट्रेन भागातल्या स्ट्रेनइतका तरी असू द्या.
- उलट यील्डसाठी ऑफसेट आधीच ठरवा, उदाहरणार्थ 0.2%. गोलाईमुळे ऑफसेट बदलला की आकडाही बदलतो.

पृष्ठभागाचं फुगणं आणि सरकणं एकत्र धरणाऱ्या शाबोश मॉडेलचे अनेक बॅकस्ट्रेस, म्हणजे हे सरकणं मोजणारी पदं, सध्या राहू द्या, एकापासून सुरू करा.