रशियन सासूबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा

प्रश्न: नवरा रशियन आहे. सासूबाईंना वाढदिवसाला फोनवर त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची आहेत. देवनागरीत लिहून द्याल का?

एवढंच बोला, पुरे आहे:

दरगाया येलेना इवानव्ना! पज्द्रव्ल्यायू वास ज्द्न्योम रझ्द्येनिया! झिलायू वाम क्र्येप्कवा ज्दरोव्या. अब्निमायू वास!

म्हणजे ‘प्रिय येलेना इवानव्ना, तुमचं वाढदिवसानिमित्त अभिनंदन. तुम्हाला ठणठणीत आरोग्य लाभो. मिठी मारते.’ नाव मी नमुन्यादाखल घातलंय, तिथे सासूबाईंचं घाला. दुसरा शब्द त्यांच्या वडिलांच्या नावावरून येतो. इवानव्ना म्हणजे इवानची मुलगी. लग्नानंतरही तो बदलत नाही, तेव्हा सासऱ्यांचं नाव जोडू नका. नुसतं ‘येलेना’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे सासूला नावाने हाक मारणं. ‘वास’ आणि ‘वाम’ ही अहो-जाहोची रूपं आहेत. त्या तुम्हाला अगं-तुगं करत असल्या तरी, त्यांनी सांगेपर्यंत तुम्ही अहोच म्हणा.

त्यांनी ‘आई’ म्हणायला सांगितलं असेल तर ‘दरगाया मामा’. माझ्या माहेरी हे ऐकून माझे सख्खे मामा ‘काय गं?’ म्हणाले होते.

उच्चारात दोनच जागा अवघड. इथला ‘ज’ सगळीकडे ‘जरा’मधला आहे. ‘झ’ मात्र आपल्याकडचा नाही: ‘श’ म्हणत राहा आणि तोंड तसंच ठेवून घशातून आवाज काढा. गळ्यावर बोट ठेवलं की कंप जाणवतो, तोच तो. ‘ज्द्न्योम’ एका दमात म्हणायचं. लिहिताना तिथे ‘स’ हा वेगळा शब्द असतो, पण पुढच्या ‘द’मुळे त्याचा ‘ज’ होतो. जोर ‘न्यो’वर आणि पुढच्या शब्दात ‘द्ये’वर. नवऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर ‘क्र्येप्कवा’च्या शेवटी ‘ग’चं अक्षर दिसेल, ते इथे ‘व’ वाचतात.

आता वेळ. रशियन लोक वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत, तो अपशकुन मानतात. पहिल्या वर्षी मी हौसेने आपल्या रात्री बाराच्या ठोक्याला फोन लावला. मॉस्को भारताच्या अडीच तास मागे, म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे साडेनऊ. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच पलीकडून ‘जाफ्त्रा, जाफ्त्रा!’ ऐकू आलं. म्हणजे ‘उद्या, उद्या!’ सासूबाई व्लादिवस्तोककडच्या असतील तर उलट, ते साडेचार तास पुढे आहेत. त्यांच्या सकाळी दहाला करा, म्हणजे घोळच नको.

त्या ‘स्पसीबा’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणून पुढे भराभर बोलू लागतील. तेव्हा फोन नवऱ्याकडे द्या.