इन्व्हर्टरच्या कोटेशनमधले ‘6 तास बॅकअप’ असे तपासा

आधी त्या 6 तासांच्या शेजारी लोड लिहिलाय का बघा. नसेल तर आकड्याला अर्थ नाही. 100 वॉटवर घरातला नेहमीचा इन्व्हर्टरही रात्रभर चालू शकतो.

तुमचा लोड असा धरू: 75 वॉटचे तीन पंखे 225, 9 वॉटचे पाच एलईडी दिवे 45, राउटर-चार्जर 30. एकूण 300 वॉट. बॅटरी 12 व्होल्ट, 150 एएच म्हणजे अँपिअर-तास; गुणाकार 1800 वॉट-तास. भागिले 300, बरोबर 6 तास. विक्रेत्याने एवढंच केलंय.

पण इन्व्हर्टरमध्येच साधारण पाचवा भाग जातो, उरतात 1440. शिवाय लेबलवर 150 एएचपुढे C20 लिहिलेलं असतं: ती क्षमता 20 तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने वापरली तरच मिळते. तुम्ही तीसेक अँपिअर ओढणार, म्हणून आणखी पाचवा भाग वजा. राहिले सुमारे 1150, म्हणजे पावणेचार तास. तेही नव्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर.

नवखे हमखास इन्व्हर्टरवरचे 900 व्हीए बघून बॅकअप ठरवतात. व्हीए म्हणजे एका वेळी किती लोड झेपेल. तास बॅटरीवर ठरतात. विक्रेत्याकडून ‘300 वॉटवर इतके तास’ असं लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर दुसरं कोटेशन मागवा.