‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ म्हणजे मधला मोमेंट नव्हे

प्रश्न: “गर्डरवरून चाकं जाताना मधोमध जो मॅक्सिमम बेंडिंग मोमेंट येतो, तोच अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम ना? मग ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हा जादा शब्द कशाला? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?”

नाही, तोच नव्हे. अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम म्हणजे चाकं कुठेही असोत, अख्ख्या गर्डरवर कुठेही येणारा सर्वांत मोठा वाकवणारा मोमेंट. हा घोळ इतक्यांदा कानावर येतो की आता चीड येते. दोन टोकांना नुसत्या टेकलेल्या गर्डरवर स्थिर, सारखा पसरलेला भार असेल तर सर्वांत मोठा मोमेंट मध्यावरच येतो. तीच सवय लोक चालत्या चाकांना लावतात.

१० मीटरचा गर्डर घ्या. त्यावर एकमेकांपासून ४ मीटरवर असलेली, प्रत्येकी १०० किलोन्यूटनची दोन चाकं. एक चाक बरोबर मध्यावर आणि दुसरं त्याच्या उजवीकडे, म्हणजे डाव्या टेकूपासून ९ मीटरवर ठेवलं, की मध्यावरचा मोमेंट ३०० किलोन्यूटन-मीटर येतो. आता जोडी हळूहळू डावीकडे सरकवा, चाकं ३ आणि ७ मीटरवर येईपर्यंत. मध्यावरचा मोमेंट सगळा वेळ ३००च राहतो, कारण एका चाकाचा वाटा जितका वाढतो तितकाच दुसऱ्याचा घटतो. मध्यावर नजर लावून बसलेल्याला वाटतं, झालं, हेच टोक.

पण डाव्या चाकाच्या खाली बघा. ते ५ मीटरवर असताना तिथं ३००, ४.५ मीटरवर आलं की ३१५, ४ मीटरवर ३२०, ३.५ मीटरवर पुन्हा ३१५. ४ मीटरवर डाव्या टेकूची प्रतिक्रिया ८० आणि अंतर ४, म्हणून ३२०. मध्यापासून १ मीटर बाजूला मध्यापेक्षा २० जास्त! उलट बाजूनं ६ मीटरवरही तेच. गर्डरच्या प्रत्येक छेदाचा, म्हणजे लांबीवरच्या प्रत्येक जागेचा, कमाल मोमेंट काढून आलेख आखला तर त्याला दोन उंचवटे दिसतात आणि मध्यावर खळगा.

असं का होतं? चाकाखालचा मोमेंट दोन अंतरांच्या गुणाकारानं ठरतो: चाकापासून डाव्या टेकूपर्यंतचं आणि सगळ्या भारांच्या परिणामी बलापासून उजव्या टेकूपर्यंतचं. दोहोंची बेरीज बदलत नाही, म्हणून ती सारखी झाली की गुणाकार सर्वांत मोठा. म्हणजेच चाक आणि परिणामी बल यांच्या बरोबर मधोमध गर्डरचा मध्य यायला हवा. निवडलेल्या चाकाच्या डावीकडे आणखी चाकं असली तर त्यांचा वजा होणारा मोमेंट ठरावीक असतो, त्यानं जागा हलत नाही.

आता शब्द. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ला परिभाषेत ‘निरपेक्ष’ म्हणतात, आणि ‘निरपेक्ष कमाल’ मला साफ नामंजूर आहे. हा मोमेंट दोन टेकूंमधल्या गाळ्याच्या लांबीवर, चाकांच्या अंतरांवर, भारांवर पुरता अवलंबून असतो. कशाचीच अपेक्षा नाही असं कसं म्हणता? सुटका आहे ती फक्त एका गोष्टीपासून: आधीच ठरवून घेतलेल्या छेदापासून. लॅटिन ‘अब्सोलूतुस’चा मूळ अर्थ नेमका हाच, ‘सोडवलेला, मोकळा केलेला’. त्याच शब्दाला पुढे ‘पुरा झालेला, परिपूर्ण’ असाही अर्थ आला. आणि आपण मॅक्सिममला जो ‘कमाल’ म्हणतो, त्या अरबी शब्दाचाही अर्थ पूर्णत्व, परिपूर्णता! म्हणजे मराठीत ‘कमाल’ म्हटलं की ‘अ‍ॅब्सोल्यूट’ निम्मं बोलून झालं. हा मेळ मला फार आवडतो. म्हणून मी ‘कमालांतलं कमाल’ म्हणतो: छेदागणिक एक कमाल, आणि त्या सगळ्यांतलं सर्वांत मोठं. ‘निरपेक्ष’वाल्यांनी त्यांच्या शब्दातून हा अर्थ काढून दाखवावा.

पाठ्यपुस्तकांवरही माझा राग आहे. ‘मध्य दोहोंच्या मधोमध आणा’ एवढाच नियम घोकवतात आणि त्याची अट गाळतात: परिणामी बलात धरलेली सगळी चाकं तेव्हा गर्डरवर असायला हवीत, आणि त्यांतली फक्त काही चाकं गर्डरवर असण्याची स्थितीही तपासायला हवी. वरचीच जोडी ६ मीटरच्या गर्डरवर न्या. नियमानं डावं चाक २ मीटरवर येतं, दुसरं थेट उजव्या टेकूवर, आणि मोमेंट निघतो १३३. पण एकच चाक मध्यावर ठेवा, दुसरं गर्डरबाहेर, की १५० मिळतो. दोन सारख्या चाकांचं अंतर गाळ्याच्या ०.५८६ पटीहून जास्त झालं की एकटं चाक बाजी मारतं. इथं ते प्रमाण ०.६६७ आहे, १० मीटरच्या गर्डरवर ०.४ होतं. म्हणजे आखूड क्रेन गर्डरवर कमालांतलं कमाल खरोखरच मध्यावर येऊ शकतं, पण ते ०.५८६शी ताडून मग म्हणायचं.