०.३६३६… चा अपूर्णांक करताना शंभरनेच का गुणायचं?

तू दहाने गुणलंस, तिथेच गाडी अडली. x = ०.३६३६… मानलं तर 10x = ३.६३६३… येतं. यातून x वजा केलास की उरतं 9x = ३.२७२७…, म्हणजे शेपूट तशीच! वजाबाकी करायची ती शेपूट उडवण्यासाठी, म्हणून दोन्ही ओळींत दशांश चिन्हानंतरचे अंक हुबेहूब जुळायला हवेत. इथे ३६ हा दोन अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो, म्हणून दोन घरं सरकायचं:

100x = ३६.३६३६…
x = ०.३६३६…

वजा केल्यावर 99x = ३६, म्हणून x = ३६/९९. दोन्हींना ९ ने भाग जातो, उत्तर ४/११. ताळा म्हणून ४ ला ११ ने भागून बघ: ४० मध्ये भाग ३, बाकी ७, ७० मध्ये भाग ६, बाकी परत ४. बाकी फिरून ४ आली, म्हणूनच अंकही फिरून येतात.

०.१३६३६… मध्ये मात्र फसशील, कारण तिथला १ एकदाच येतो. तिथे आधी 10x = १.३६३६… लिही, मग 1000x = १३६.३६३६… घे. वजाबाकी 990x = १३५, उत्तर ३/२२. थेट ९९ छेद टाकणारे इथेच चुकतात.