स्ट्रेच मार्क्सवरच्या पुळ्या: आधी बेंबी बघा, मग तळवे

प्रश्न: पहिलंच बाळंतपण आहे, ३५ वा आठवडा चालू आहे. पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्येच लाल पुळ्या उठल्यात, रात्रभर खाज सुटते. सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आमसूल लाव. बाळाला काही होणार नाही ना?

उत्तर: तुम्ही सांगताय त्यावरून हे बहुधा पीयूपीपीपी, म्हणजे गरोदरपणात उठणारं एक खाजरं पुरळ, असावं. डॉक्टरांच्या कागदावर 'पॉलिमॉर्फिक इरप्शन ऑफ प्रेग्नन्सी' असंही नाव दिसेल. खाज आईला हैराण करते, पण यामुळे बाळाला धोका नसतो. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता खात्री देता येत नाही, म्हणून मी तपासताना काय बघते ते सांगते.

मागच्या वर्षी ३४ व्या आठवड्यात एक जण आली होती. पहिलीच खेप, पोटात जुळी. पोटावरच्या प्रत्येक लाल रेघेवर मणी ओवल्यासारख्या पुळ्या होत्या, काही ठिकाणी त्या एकमेकींत मिसळून गांधी झाल्या होत्या. बेंबीभोवतीचा गोल मात्र अगदी स्वच्छ. तिथे एकही पुळी नव्हती. चेहरा, तळहात, तळपायही मोकळे. हे चित्र या आजाराचंच. पोटाची कातडी शेवटच्या महिन्यांत झपाट्याने ताणली जाते आणि त्या ताणाने दुखावलेल्या जागी शरीराची प्रतिक्रिया उमटते, असं मानलं जातं. म्हणून तो पहिलटकरणींत, जुळ्यांत आणि वजन भराभर वाढलेल्यांत जास्त दिसतो.

पुरळ बेंबीपासूनच सुरू झालं असतं, तर माझा विचार वेगळा असता. पेम्फिगॉइड जेस्टेशनिस नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्याची सुरुवातही गांधीसारखीच होते, पण तो बहुतेकदा बेंबीपाशी उगवतो आणि पुढे पाण्याने भरलेले टणक फोड येतात. त्यात बाळाचं वजन कमी भरू शकतं, प्रसूती लवकर होऊ शकते. निदानासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी करावी लागते.

मग मी तिला विचारलं, "तळहात-तळपायांना खाज येते का? रात्री वाढते का?" हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. गरोदरपणात यकृतातून पित्तरसाचा निचरा नीट झाला नाही की रक्तात पित्ताम्लं साठतात आणि भयंकर खाज सुटते, विशेषतः तळव्यांना. त्यात पुरळ नसतंच, दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. पित्ताम्लं खूप वाढली, विशेषतः १०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून इथे तातडीने रक्ताची तपासणी लागते. खाज आधी सुरू होऊन रिपोर्ट नंतर बिघडू शकतो, त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी खाज चालू असेल तर तो पुन्हा करावा.

तिला तळव्यांना खाज नव्हती. जुळी असल्याने मी तरीही पित्ताम्लं तपासली, ती नॉर्मल आली. तिचा खरा त्रास दुसराच होता. तिने मेडिकलमधून खाज-खरूज-नायटा सगळ्यावर चालणारी मिश्र ट्यूब आणून सगळ्या पोटावर चोपडली होती. अशा ट्यूबांत बऱ्याचदा फार तीव्र स्टेरॉइड असतं. गरोदरपणात ते भरपूर वापरलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसला आहे. मी ती बंद करून मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम फक्त पुळ्यांवर, थोडे दिवस लावायला दिलं. जोडीला कॅलामाइन, साधं मॉइश्चरायझर आणि रात्रीसाठी खाजेची गोळी. गार पाण्यात पिळलेल्या सुती पंचाने तिला सर्वांत लवकर आराम पडायचा.

तरी आठवड्याभरात पुरळ मांड्यांवर आणि दंडांवर उतरलं. ते तसं पसरतंच, त्याने घाबरू नका. प्रसूतीनंतर दुसऱ्या आठवड्यात पुळ्या सुकून कोंडा झाला आणि गेला. पुढच्या खेपेला हा आजार सहसा परत येत नाही.

आमसुलाबद्दल: पित्ताच्या गांधींवर ते लावायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तुमची कातडी नखांनी सोललेली असेल तर आमसुलाच्या आंबटपणाने आग होईल. सासूबाईंना तेवढंच सांगा.

दिवसाच्या उजेडात पोटाचा फोटो काढून ठेवा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. तळव्यांना खाज सुरू झाली, लघवी गडद पिवळी दिसली किंवा पाणीदार फोड आले, तर त्याच दिवशी जा. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.