युरो महागला, म्हणून द्राक्षाचा फायदा धरू नका

नाशिकहून युरोपला द्राक्ष पाठवायला नव्याने सुरुवात करणारे बहुतेकजण फक्त युरोचा भाव बघतात. तो नाममात्र दर. त्यात दोन्हीकडची महागाई मिळवल्याशिवाय आपला माल खरंच स्वस्त पडतोय का, ते कळत नाही.

समजा, युरो ८० वरून ८८ रुपये झाला, म्हणजे १० टक्के वाढ. त्याच काळात आपल्याकडच्या किमती १५ टक्के वाढल्या, तिकडच्या ४ टक्के. आता १.१० ला १.०४ ने गुणा आणि १.१५ ने भागा. उत्तर येतं ०.९९५. युरोमागे आठ रुपये जास्त मिळाले, पण मजुरी, औषधं, खोकी यांनी ते खाल्ले. म्हणजे महागाई धरून येणारा वास्तविक दर किंचित घसरलाच. तिकडच्या खरेदीदाराला भाव कमी करून द्यायला तुमच्याकडे जागा उरली नाही.

रिझर्व्ह बँकेचा ४० चलनांच्या तुलनेत रुपयाचा वास्तविक दर दाखवणारा निर्देशांक वाचताना मात्र दिशा उलटी असते: आकडा वाढला की आपला माल महाग. तोही किरकोळ महागाईवर बेतलेला आहे, त्यामुळे बागेचा खर्च स्वतः मांडा. चिली, दक्षिण आफ्रिकेच्या चलनांवरही नजर हवी. स्पर्धा त्यांच्याशी आहे.