शिल्लक ८० दिसते, तरी द्यायला २५च कसे: डिलिव्हरीची खरी तारीख

प्रश्न: आम्ही कोल्हापूरजवळ घरगुती मोनोब्लॉक पंप बनवतो. गोदामात माल दिसतो म्हणून सेल्सवाले डीलरला तारीख देऊन मोकळे होतात, मग ती तारीख पुढे जाते आणि बोलणी मी खातो. शिल्लक आणि पुढचं उत्पादन धरून खरी तारीख कशी काढायची? ईआरपी नाही, टॅली आणि एक्सेल आहे.

उत्तर:

एक्सेल पुरेसं आहे. या हिशोबाला 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' म्हणतात, थोडक्यात एटीपी. गोदामात किती आहे आणि उद्या किती बनणार आहे, त्यातलं अजून कुणालाच न दिलेलं किती उरतं, एवढंच त्यात काढायचं असतं. टॅलीची शिल्लक पाहून सांगितलेली तारीख चुकते, कारण त्या शिलकीतले बरेच नग आधीच कुणाच्या तरी ऑर्डरचे असतात. ते अजून गाडीत चढलेले नसतात, एवढंच.

एक मॉडेल धरू, दीड एचपीचा पंप. आज गोदामात ८० नग आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून १०० चा लॉट एक आठवडा सोडून एक निघतो. 'ऑर्डर' या ओळीत त्या त्या आठवड्यात पाठवायच्या पक्क्या ऑर्डरी आहेत.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| उत्पादन | ० | ० | १०० | ० | १०० | ० | १०० | ० |
| ऑर्डर | ३० | २५ | ४० | ३५ | ७० | ४५ | १० | ० |
| अखेरची शिल्लक | ५० | २५ | ८५ | ५० | ८० | ३५ | १२५ | १२५ |
| देता येईल | २५ | २५ | ३५ | ३५ | ३५ | ३५ | १२५ | १२५ |

अखेरची शिल्लक म्हणजे मागची शिल्लक अधिक उत्पादन वजा ऑर्डर. आता शेवटची ओळ बघा. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ८५ शिल्लक दिसतात, पण नव्या गिऱ्हाइकाला त्यातले ३५च देता येतात. पुढे सहाव्या आठवड्यात शिल्लक ३५ वर येते, म्हणून. आज दिलेला प्रत्येक नग पुढच्या सगळ्या आठवड्यांच्या शिलकीतून कमी होतो. त्यामुळे कोणत्याही आठवड्यात देता येण्याजोगा आकडा म्हणजे त्या आठवड्यापासून पुढे जी सगळ्यात कमी शिल्लक आहे तो. एक्सेलमध्ये आजचा साठा B6 मध्ये, आठवडे C ते J, उत्पादन ओळ ३, ऑर्डर ओळ ४ आणि शिल्लक ओळ ६ मध्ये ठेवलीत तर सूत्रं अशी, आणि दोन्ही उजवीकडे J पर्यंत ओढायची:

```
C6:  =B6+C3-C4
C7:  =MIN(C6:$J6)
```

प्लॅनिंगच्या पुस्तकात हाच हिशोब लॉटनुसार करतात. पहिल्या टप्प्यात साठ्यातून पुढचा लॉट येईपर्यंतच्या ऑर्डरी वजा करायच्या: ८० वजा ५५, म्हणजे २५. तिसऱ्या आठवड्याच्या लॉटमधून त्याच्या दोन आठवड्यांच्या ७५ गेल्या की पुन्हा २५. पाचव्याच्या लॉटवर मात्र ११५ ची मागणी आहे आणि लॉट १०० चा, म्हणजे १५ कमी. ते १५ आधीच्या लॉटमधून राखून ठेवावे लागतात, म्हणून तिसऱ्याचे २५ चे १० होतात. आज २५ आणि तिसऱ्यात आणखी १०, बेरीज ३५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच. मी `MIN` ची वाट सुचवतो, कारण त्यात मागे जाऊन वजाबाकी करायची राहून जात नाही. हाताने करताना नेमकी तीच राहते.

समजा डीलरला ५० नग हवे आहेत. सेल्सवाल्याने ८५ बघून 'तिसऱ्या आठवड्यात सगळे देतो' म्हटलं, तर तिसऱ्यात सगळं ठीक दिसेल, चौथ्यात शिल्लक शून्य होईल, पाचव्यात ३० दिसतील, आणि सहाव्यात १५ नग कमी पडतील. तुमची तारीख जिथे तुटते तो आठवडा आणि जिथे ती चुकीची दिली तो आठवडा यांत तीन आठवड्यांचं अंतर आहे. शिवाय माल ज्याचा अडकतो तो हा डीलर नव्हे, दुसराच कुणीतरी, बहुतेक वेळा आधी ऑर्डर देऊन स्वस्थ बसलेला. त्याची काहीही चूक नसताना त्याला फोन करून तारीख पुढे ढकलावी लागते. त्याने ती तारीख पुढे आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलेली असते, उन्हाळ्यात टाकीत पाणी चढत नाही म्हणून ताटकळलेल्या माणसाला. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

खरं उत्तर असं: २५ आत्ता, १० तिसऱ्या आठवड्यात, उरलेले १५ सातव्यात. किंवा सगळे ५० एकदम हवे असतील तर सातव्यात. दोन्ही पर्याय डीलरसमोर ठेवा आणि त्याला निवडू द्या. तो एकदम घेणार असेल तर त्याच्यासाठी आजचे २५ बाजूला काढून ठेवू नका. ते दुसऱ्या कुणाला आज जाऊ शकतात, याचे ५० सातव्याच्या लॉटमधून येतील.

तुकड्यांत घ्यायचं ठरलं, तर फोन ठेवायच्या आत ते तीन आकडे ऑर्डरच्या ओळीत गेले पाहिजेत. गेले की पहिल्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत 'देता येईल' शून्य होतं आणि पुढचा मोकळा माल थेट सातव्यात, ७५ नग. पुढचा फोन आला की उत्तर तेच. ही नोंद संध्याकाळपर्यंत राहिली, तर दुपारी दुसरा सेल्समन तेच २५ नग दुसऱ्या डीलरला देतो. म्हणून फाईल एकच ठेवा आणि त्यात लिहिणारा माणूसही एकच. बाकीच्यांनी विचारायचं, लिहायचं नाही. तो रजेवर असेल तेव्हा कोण लिहिणार हेही आधीच ठरवा.

आता हा तक्ता खोटं बोलायला कुठून लागतो ते सांगतो. सूत्रात तो सहसा चुकत नाही, आत भरलेल्या आकड्यांत चुकतो.

पहिलं, आजचा साठा. टॅलीतल्या ८० मध्ये टेस्टिंगला थांबलेले, दुरुस्तीला परत आलेले आणि प्रदर्शनाला गेलेले नगही असू शकतात. बिल झालं पण गाडी मिळाली नाही म्हणून पडून असलेले नग सहसा टॅलीतून वजा होतात, पण गोदामात डोळ्यांना दिसतात. आठवड्यातून एकदा त्या मॉडेलचे फक्त आज गाडीत चढवता येतील असे नग मोजा आणि तोच आकडा B6 मध्ये टाका.

दुसरं, उत्पादनाची ओळ. लॉट ज्या आठवड्यात असेंब्लीला बसतो त्यात तो लिहू नका. टेस्ट बेंचवरून उतरून, रंग वाळून, खोक्यात भरून जेव्हा पाठवण्याजोगा होईल तो आठवडा धरा. शनिवारी संध्याकाळी तयार होणारा लॉट पुढच्या आठवड्याचा. आकडाही १०० न धरता पास होऊन बाहेर पडतात तेवढाच धरा. मागच्या लॉटच्या टेस्ट रजिस्टरमध्ये सरासरी ९६ निघत असेल तर ९६.

तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिळ्या नोंदी. मागच्या आठवड्यात निघायचा लॉट निघाला नाही आणि कुणी तो पुढे सरकवला नाही, तर तक्ता समजतो की तो आला. ऑर्डरींचंही तसंच: मागच्या आठवड्यात जायच्या राहिलेल्या १२ नगांची ऑर्डर मागच्याच रकान्यात राहते, आणि पहिला आठवडा १२ ने खोटा मोकळा दिसतो. दर सोमवारी सकाळी जुना रकाना काढायच्या आधी त्यातलं न झालेलं उत्पादन खऱ्या नव्या आठवड्यात आणि न गेलेल्या ऑर्डरी पहिल्या आठवड्यात हलवा. मोठ्या ईआरपीतही हीच अडचण येते, मागच्या तारखेचं उत्पादन हिशोबात धरायचं की नाही हे तिथे मुद्दाम ठरवून द्यावं लागतं.

अंदाजित विक्री ऑर्डरच्या ओळीत घालू नका. तो आकडा उत्पादन किती करायचं हे ठरवायला आहे. इथे घातलात तर खरा माल असून गिऱ्हाइकाला नाही म्हणाल. फक्त ठरलेल्या जुन्या डीलरसाठी सीझनमध्ये काही माल राखायचा असेल, तर त्याला वेगळी ओळ द्या, नावानिशी, आणि तो कोणत्या तारखेला मोकळा होणार तेही लिहा. न उचललेला राखीव माल महिनाभर अडकून राहिला तर मोकळ्या गिऱ्हाइकांना आपण विनाकारण उशिरा देतो.

तक्त्याचे शेवटचे रकाने नेहमी भरपूर मोकळे दिसतात, कारण तिथल्या ऑर्डरी अजून यायच्या आहेत. तिथे खरा प्रश्न असतो तो लॉट पक्का आहे का. कास्टिंगची ऑर्डर फाउंड्रीला गेलेली नाही, तांब्याची तार आलेली नाही, तर सातव्या आठवड्याचा १०० हा नुसता इरादा आहे. ज्या लॉटचं सामान हातात आहे किंवा पुरवठादाराने ज्याची तारीख दिली आहे, तेवढ्यावरच पक्की तारीख द्या. त्यापलीकडे 'अंदाजे अमुक आठवडा, अमुक दिवशी पक्कं कळवतो' असं म्हणा आणि त्या दिवशी खरंच कळवा.

डीलर अडून बसला की पाचव्यातच हवेत, तर हा तक्ता त्याचं उत्तर देणार नाही. तेव्हा जादा लॉट बसतो का ते बघावं लागतं: पंपाचं केसिंग आणि इंपेलर किती पडले आहेत, वाइंडिंगला त्या आठवड्यात किती स्टेटर जादा निघतील, टेस्ट बेंच कधी रिकामा आहे. या तिन्हींत जे सगळ्यात कमी तेवढेच जादा पंप. वाइंडिंगला २० च जादा निघत असतील तर कास्टिंग ६० असून उपयोग नाही. हे उत्तर सेल्सने देऊ नये. प्रॉडक्शनच्या माणसाने होकार दिला आणि जादा नग उत्पादनाच्या ओळीत चढले की मगच तारीख सांगायची.

तारीख सांगताना ती गाडी सुटण्याची की माल पोहोचण्याची, हेही दर वेळी बोलून घ्या. तुम्ही डिस्पॅचची सांगता, विदर्भातला डीलर पोहोचण्याची ऐकतो.

शेवटी एक जादा रकाना. ऑर्डर घेताना सांगितलेली पहिली तारीख त्यात लिहा आणि नंतर ती कधीही बदलू नका. सुधारित तारीख शेजारच्या रकान्यात. बहुतेक ठिकाणी जुनी तारीख खोडून नवी लिहितात, मग महिनाअखेरीला सगळं वेळेवर गेलेलं दिसतं. पहिली तारीख हुकलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीसमोर कारण लिहा: लॉट उशिरा निघाला, की तोच माल दोघांना दिला गेला. दुसरं कारण जास्त येत असेल तर नोंदी घेणाऱ्याशी बसा. पहिलं जास्त येत असेल तर उत्पादनाच्या ओळीतले आठवडे प्रॉडक्शनने आशेवर दिलेले आहेत. अशा वेळी मागच्या पाच-सहा लॉटची ठरलेली आणि प्रत्यक्ष तारीख शेजारी मांडून त्यांच्यासमोर ठेवा, आणि जितका उशीर सातत्याने दिसेल तितका लॉट तक्त्यात पुढे लिहा.